विमानात नसलेला माणूस

डिसेंबर 2004 मध्ये 'लॉस्ट' या अमेरिकी टीव्ही मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. त्यात विमान अपघातातून वाचून बेटावर अडकलेल्यांपैकी हर्ली नावाचा जाडजूड, मनमिळाऊ माणूस वही-पेन्सिल घेऊन जनगणना करायला निघतो. क्लेअर नावाच्या गरोदर मुलीवर रात्री कुणीतरी हल्ला केलेला असतो आणि आपल्यात कोण कोण आहे, हे कुणालाच धड सांगता येत नसतं. हर्ली एकेकाला गाठून नाव आणि गाव विचारतो. ईथन रॉम नावाचा गृहस्थ ऑन्टारिओ म्हणून सांगतो आणि हर्ली ते लिहून घेतो. मग सॉयर या दुसऱ्या प्रवाशाकडून विमानाची प्रवासी यादी मिळवून तो दोन्ही याद्या शेजारी ठेवतो, तर एक नाव जास्त निघतं. ईथन विमानात नव्हताच! तो बेटावरच्या 'अदर्स'पैकी, म्हणजे 'त्या लोकां'पैकी असतो.

जग बुडाल्यावर किंवा जगापासून तुटल्यावर वाचलेल्या माणसांच्या मालिकांमध्ये कोण कुठल्या गटातला, हे लक्षात ठेवणं प्रेक्षकाला भागच असतं. या प्रसंगात ते काम पहिल्यांदा एका पात्राच्या हातात आलं आणि त्याच्या वहीवरच कथानक उलटलं, असं मला वाटतं. इथवर गोष्ट कशी आली ते पाहू. (जुन्या मालिकांची गुपितं पुढे फुटणार आहेत. ज्यांना 'लॉस्ट' अजून पाहायची आहे त्यांनी आधी ती पाहून यावं.)

मागे जायचं तर एप्रिल 1975 पर्यंत जावं लागेल. बीबीसीवर 'सर्व्हायव्हर्स' सुरू झाली. लेखक टेरी नेशन, म्हणजे 'डॉक्टर हू' मालिकेतल्या डालेक या खलपात्रांचा जनक. प्रयोगशाळेत एक काचपात्र फुटतं, मग विमानं, मग पासपोर्टवर एकामागून एक शहरांचे शिक्के: साथ जगभर कशी पोचली हे नुसत्या शीर्षकदृश्यातच कळून जातं. वाचलेल्यांमध्ये तीन मुख्य पात्रं आहेत. ॲबी ग्रँट मुलाच्या शोधात निघालेली आई, जेनी ही तरुणी आणि ग्रेग हा इंजिनिअर. या मालिकेत गट म्हणजे घर. जो त्या घरात राहतो, शेतात राबतो आणि पंगतीला बसतो, तो आपला. दुसरीकडे आर्थर वर्मली नावाचा माजी कामगार पुढारी बंदुकीच्या जोरावर 'आम्हीच आता सरकार' म्हणत लोकांकडून वसुली करत असतो. तो परका, हे पहिल्या भेटीतच कळतं. प्रेक्षकाला वही लागत नाही.

पण घर म्हणजे गट हे समीकरण त्याच मालिकेनं एका भागात पार विस्कटून टाकलं. वस्तीत एका बाईचा खून होतो. संशय बार्नी या मंदबुद्धी तरुणावर येतो, मतदान होतं आणि त्याला गोळी घातली जाते. नंतर कळतं की खुनी टॉम प्राइस होता. ॲबी आणि ग्रेग हे बाकीच्यांना सांगत नाहीत, कारण कामाला हात हवेत आणि आणखी एक माणूस गमावणं परवडणारं नाही. म्हणजे खुनी गटात राहतो आणि निरपराध माणूस गटाबाहेर, थेट जमिनीत जातो. पुढच्या वर्षी दुसरा हंगाम सुरू होताना त्या घराला आग लागते, बरीच पात्रं त्यात जातात आणि उरलेले चार्ल्स व्हॉनच्या वस्तीत सामील होतात. मालिकेच्या दृष्टीनं आग ही सोयच होती. कलाकार बदलायचे तर गट मोडून पुन्हा बांधणं सोपं पडतं, आणि ही युक्ती पुढे या प्रकारात सर्रास वापरली गेली.

मे 2000 मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर जवळपास त्याच नावाचा, फक्त एकवचनातला, कार्यक्रम आला: 'सर्व्हायव्हर'. हा रिॲलिटी शो. मलेशियातल्या पुलाउ टिगा बेटावर 16 स्पर्धक आणि दोन टोळ्या, टागी आणि पागोंग. प्रत्येकाकडे आपापल्या टोळीच्या रंगाचा कापडी पट्टा, तो डोक्याला बांधा नाहीतर गळ्यात घाला. टागीचा नारिंगी, पागोंगचा पिवळा. टोळ्या एक झाल्या की नवं नाव, नवा रंग. पण खरा खेळ पट्ट्याखाली चालायचा. टागीतल्या चौघांनी आपसांत युती केली होती, आणि टोळ्या एकत्र झाल्यावरही पट्टा बदलला तरी युती बदलली नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आयाराम-गयाराम हा शब्दच आपल्या राजकारणानं दिलेला आहे.

एबीसी वाहिनीचे लॉइड ब्रॉन यांना याच धर्तीवर, पण कल्पित मालिका हवी होती, आणि त्यातूनच 'लॉस्ट' उभी राहिली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशिॲनिक 815 हे विमान हवेत मोडतं. मधल्या भागातले 48 जण किनाऱ्यावर वाचतात. लेखकांनी इथे एक गोष्ट मुद्दाम केली: पट्टा काढून टाकला. सगळेच फाटक्या कपड्यांत, सगळेच दमलेले. माणूस कुठल्या गटातला हे त्याच्याकडे पाहून ओळखता येत नाही. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा लागतो, नाहीतर यादी शोधावी लागते.

यादी नसली तर काय होतं, हे दुसऱ्या हंगामात दिसतं. विमानाची शेपटी बेटाच्या दुसऱ्या बाजूला समुद्रात पडलेली असते आणि तिथेही काही जण वाचलेले असतात. त्यांच्यातली माणसं रात्री उचलून नेली जाऊ लागतात. ॲना लुसिया ही माजी पोलीस ठरवते की आपल्यात कुणीतरी फितूर आहे. तिच्याकडे हर्लीसारखी यादी नाही, फक्त आठवण आहे. विमानात नेथनला पाहिल्याचं कुणालाच आठवत नाही, म्हणून ती त्याला खड्ड्यात डांबते. नेथन बिचारा खरोखरच प्रवासी असतो. खरा फितूर गुडविन हा सगळ्यांच्या मदतीला धावणारा, समजूतदार माणूस असतो. तोच नेथनला रात्री खड्ड्यातून सोडवतो आणि त्याची मान मोडतो. शेवटी ॲना लुसियाला खूण पटते ती अगदी साधी: शेपटी पाण्यात पडली, सगळे भिजून किनाऱ्याला लागले आणि हा मात्र जंगलातून धावत आला तेव्हा त्याचे कपडे कोरडे होते. पहिल्यांदा तो भाग पाहताना मी इतरांसारखाच नेथनवर संशय घेऊन बसलो होतो. कोरडे कपडे डोळ्यांसमोर असूनही दिसले नव्हते.

नंतरच्या मालिकांनी हा लपंडाव काहीसा सोपा केला. 2014 मध्ये सुरू झालेल्या 'द हंड्रेड'मध्ये अणुयुद्धानंतरच्या टोळ्या आपली ओळख भाषेतच सांगतात. आकाशातून उतरलेले ते स्कायक्रू, जंगलातले ते ट्रायक्रू, आणि नावापुढे 'कॉम' लावून टोळी सांगायची. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं तसंच काहीसं. पण ऑक्टेव्हिया स्कायक्रूत जन्मते, ट्रायक्रूत लढायला शिकते आणि शेवटी सगळ्या टोळ्या मोडून वॉनक्रू उभा करते. म्हणजे भाषेतला शिक्काही एका हंगामापुरताच.

म्हणून अशा मालिकेचा तक्ता करताना पात्रापुढे एकच गट लिहिणं फसवं असतं. मी करून पाहिलंय, आणि दोन हंगामांतच वहीत इतकी खाडाखोड झाली की नावं वाचता येईनात. मग तीन गोष्टी वेगळ्या लिहायला लागलो: ती व्यक्ती राहते कुणात, काम कुणाचं करते आणि हे कुणाला ठाऊक आहे. प्रत्येक नोंदीपुढे भाग क्रमांक.

'लॉस्ट'मधली ज्युलिएट घ्या. ती वंध्यत्वावर काम करणारी डॉक्टर. विमान पडण्याआधी तीन वर्षांपासून ती 'त्या लोकां'त राहते, काम त्यांचंच करते, हे सगळ्यांना माहीत. तिन्ही रकाने एकाच बाजूला. तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर ती जॅक या प्रवाशांच्या पुढाऱ्याबरोबर किनाऱ्यावर राहायला येते. क्लेअर अचानक आजारी पडते, ज्युलिएट तिला बरी करते आणि लोक विश्वास टाकू लागतात. भागाच्या शेवटी उलगडतं की हे दुखणं बेन या 'त्या लोकां'च्या म्होरक्यानंच ठरवून घडवलं होतं. आता पहिला रकाना किनाऱ्याचा, दुसरा बेनचा, आणि ठाऊक फक्त आपल्याला. पुढे ती सन या गरोदर प्रवासी बाईची गर्भतपासणी करून बेनसाठी टेप रेकॉर्डरवर अहवाल बोलते आणि मशीन बंद केल्यावर बेनबद्दलचा तिरस्कार पुटपुटते. इथे दुसरा रकाना डळमळतो. ती टेप किनाऱ्यावर सगळ्यांसमोर वाजवली जाते तेव्हा लोक खवळतात. ज्युलिएट शांतपणे म्हणते, टेप उलटी करा. दुसऱ्या बाजूला बेनचे हुकूम असतात, आणि ती हे सगळं जॅकला आधीच सांगून मोकळी झालेली असते. म्हणजे दुसरा रकाना बदलला होता आणि ते जॅकला माहीत होतं, फक्त आपल्यालाच नव्हतं. मालिका प्रेक्षकाला फसवते ती बहुधा या तिसऱ्या रकान्यात. पात्रानं बाजू कधी बदलली आणि ते आपल्याला कधी कळलं, या दोन तारखा वेगळ्या असतात.

मालिकेतही हिशेब ठेवायला वेगळा माणूस होता. पटकथा समन्वयक ग्रेग नेशन्स कोण, कुठे, केव्हा याची जंत्री सांभाळायचे आणि लेखक त्यांना विचारून पुढे लिहायचे. तरीही गटाची कसोटी म्हणून प्रवासी यादी कशी तोकडी पडते याची गंमत मालिका स्वतःच करते. बेटावरून सुटून घरी परतलेल्या 'ओशिॲनिक सिक्स'मधला एक म्हणजे क्लेअरचं बाळ ॲरन. विमान निघालं तेव्हा तो आईच्या पोटात होता, यादीत त्याचं नाव असणं शक्यच नव्हतं.

पाचव्या हंगामात, 2009 मध्ये, कथा कालप्रवास करून 1977 मध्ये जाते. ज्युलिएट आता बेटावरच्या धर्मा इनिशिएटिव्ह या संशोधक मंडळींच्या वाहनदुरुस्तीत काम करते. जॅक, केट आणि हर्ली तिथे येऊन पोचतात. त्यांना पाणबुडीतून आलेले नवे भरती म्हणून खपवायचं तर पाणबुडीच्या यादीत त्यांची नावं हवीत, आणि ती यादी एमी या सहकारी बाईकडे असते. ज्युलिएटनंच नुकतंच तिचं बाळंतपण केलेलं असतं. 'मी करते, तू बाळाकडे बघ' अशा सबबीनं ती यादी मागून घेते. एकेकाळी वही घेऊन दुसऱ्यांची नावं ताडून पाहणाऱ्या हर्लीचं नाव आता खोट्या यादीत चढणार असतं. जाता जाता ज्युलिएट बाळाला उचलून घेते आणि नाव काय ठेवलं म्हणून विचारते.

एमी सांगते, ईथन.