बुडालेल्याला कबर नाही, मग बरझख कुठला?

मृत्यूनंतर फरिश्ते कबरीत सवाल विचारतात, या इस्लामी श्रद्धेबद्दल काही जण म्हणतात: "जो समुद्रात बुडाला, ज्याला दफनच केलं नाही, त्याला कबरीतले सवाल-जवाब नाहीत."

इथे 'कबर' शब्दाने घोटाळा होतो. मृत्यू आणि कयामत यांच्या मधल्या अवस्थेला बरझख म्हणतात. या शब्दाचा अर्थ आडपडदा. कुरआनच्या २३व्या सूरहची १००वी आयत सांगते, की पुन्हा उठवलं जाईपर्यंत मेलेल्यांपुढे बरझख आहे. तिथे खड्ड्याची अट नाही.

आता ४०व्या सूरहची ४६वी आयत उघडा. इजिप्तचा राजा फिरऔन याचे लोक समुद्रात बुडाले, तरी त्यांना सकाळ-संध्याकाळ आगीसमोर आणलं जातं. कठोर शिक्षेत लोटण्याचा हुकूम मात्र कयामतच्या दिवशी. म्हणून आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, ही आयत बरझखचा पुरावा मानतात: अंतिम निवाडा बाकी, पण त्याची चाहूल आधीच. दफन न झालेल्या आप्तासाठीही दुआ करतात, ती याच समजुतीने.