एका ‘ती’चा प्रवास

कुमारजीव या बौद्ध भाषांतरकाराबद्दल एक आख्यायिका चीनमध्ये शतकानुशतके सांगितली जाते. ‘माझी भाषांतरे निर्दोष असतील तर माझी जीभ जळणार नाही,’ असे तो म्हणाला आणि खरोखरच चितेच्या राखेत ती शाबूत सापडली, अशी ती कथा. मला अशा चमत्काराचे पुरावे नकोत. भाषांतर तपासायचे तर मूळ श्लोक आणि चिनी ओळी शेजारीशेजारी ठेवायच्या. तसे केल्यावर जे दिसते ते न जळलेल्या जिभेपेक्षा कितीतरी थक्क करणारे आहे.

कुमारजीव कूचा या मध्य आशियातल्या राज्यात इ. स. 344 च्या सुमारास जन्मला. वडील भारतीय, आई तिथली राजकन्या. चिनी सेनापतीने त्याला कैद केले, मग बरीच वर्षे सीमाभागात गेली आणि 401 च्या अखेरीस तो छांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला पोचला. तिथे एकट्याने बसून भाषांतर करायची पद्धत नव्हती. 403 मध्ये प्रज्ञापारमिता या महायान बौद्ध सूत्राचा मोठा ग्रंथ हाती घेतला तेव्हा समोर पाचशेहून अधिक भिक्षू होते. तो हातातली पोथी पाहून चिनीत अर्थ सांगायचा, शब्दांवर वाद व्हायचा, आणि राजा याओ शिंग स्वतः जुने भाषांतर हाती धरून ताडून पाहायचा.

409 मध्ये याच शहरात नागार्जुन या भारतीय बौद्ध आचार्याच्या मध्यमककारिका चिनीत आल्या. त्यातल्या चोविसाव्या प्रकरणातला अठरावा श्लोक पाहा:

यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे ।
सा प्रज्ञप्तिरुपादाय प्रतिपत्सैव मध्यमा ॥

प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कारणांवर अवलंबून घडणे. त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. पुढच्या ओळीतली ‘सा’, म्हणजे ‘ती’, कोण? चंद्रकीर्ती या नंतरच्या भारतीय भाष्यकाराच्या टीकेनुसार ती म्हणजे शून्यता. ही शून्यतासुद्धा कशावर तरी अवलंबून केलेली एक संज्ञा आहे, आणि तीच मध्यम मार्ग. मराठी वाचकाला हा धागा चटकन सापडतो, कारण आपल्याकडेही शून्यता ‘ती’ असते आणि मार्ग ‘तो’ असतो. ‘ती’ म्हटले की मन आपोआप मागच्या स्त्रीलिंगी शब्दाकडे वळते.

चिनीत नामांना लिंग नाही, विभक्ती नाही. वर कडवे पाच-पाच अक्षरांच्या चार ओळींत बसवायचे, म्हणजे सगळी मिळून वीसच अक्षरे. ‘ती’ला तिथे जागाच उरली नाही. कुमारजीवाच्या ओळींचा अर्थ साधारण असा होतो: कारणांतून उपजलेल्या सर्व वस्तू, मी म्हणतो, शून्यच आहेत, तसेच त्या नाममात्र संज्ञाही आहेत, तसेच तो मध्यम मार्गाचा अर्थही आहे. दोन गोष्टी बदलल्या. ‘अवलंबून घडणे’ या तत्त्वाच्या जागी ‘घडलेल्या वस्तू’ आल्या. आणि साखळीसारखी पुढे सरकणारी रचना ‘यी’ या दोनदा आलेल्या शब्दाने समांतर झाली. ‘यी’ म्हणजे ‘सुद्धा’. आता कर्ता एक, त्याला विशेषणे तीन.

तिएनताई या चिनी बौद्ध पंथाची परंपरा सांगते की सहाव्या शतकात हुएवेन नावाच्या साधकाला हाच श्लोक वाचताना साक्षात्कार झाला. त्याच्या शिष्याचा शिष्य झीयी (538–597). त्याने या तीन विशेषणांची तीन सत्ये केली: शून्य, तात्पुरते अस्तित्व आणि मध्य. समोरचा चहाचा पेला स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही, म्हणून शून्य. तरी तो पेला म्हणून दिसतो, वापरला जातो, हे त्याचे तात्पुरते अस्तित्व. आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, पूर्णपणे खऱ्या, हे मध्य. तिन्हींपैकी कुठलेही एक पाहिले की त्यात उरलेली दोन असतातच. झीयीच्या ध्यानपद्धतीचा पायाच हा आहे.

नागार्जुनाने मात्र त्याच प्रकरणाच्या आठव्या श्लोकात सत्ये दोनच सांगितली आहेत, आणि कुमारजीवाने तिथे ‘दोन’ असेच भाषांतर केले आहे.

मग चूक झाली का? मला तसे म्हणवत नाही. चिनी ग्रंथात कारिकांसोबत पिंगलाची टीकाही आहे आणि ती स्पष्ट सांगते की शून्यताही शून्यच. लोकांना वाट दाखवण्यासाठी ती केवळ नावाने सांगितली जाते. म्हणजे गळलेली ‘ती’ टीकेत जपून ठेवलेली होती. शिवाय झीयीला ‘तीन सत्ये’ ही शब्दयोजना आणखी दोन सूत्रांत मिळाली. ती भारतीय मानली जात, पण आजच्या अभ्यासकांच्या मते ती चीनमध्येच रचली गेली. एकट्या श्लोकाने पंथ उभा केला नाही. त्याने पंथाला सर्वांत मोठ्या आचार्याची सही मिळवून दिली.

झीयीचे विवेचन चिनी पाठावरच उभे राहिले. 805 मध्ये साईचो हा भिक्षू तिएनताई पर्वतावरचे ग्रंथ घेऊन जपानला परतला आणि हिएई डोंगरावरच्या मठात त्या श्लोकाचे अध्ययन होत राहिले, तेही वीस अक्षरांतूनच.