‘आकडे नेमके कुठून घेतले आहेत?’ : ई-मेलमधला सूर आणि दोन्ही अर्थांना पुरणारे उत्तर

एका संस्थेत अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीला वरिष्ठांकडून सायंकाळी असा ई-मेल येतो: ‘अहवाल मिळाला. तक्ता 3 मधले आकडे नेमके कुठून घेतले आहेत? उद्याच्या बैठकीआधी कळवा.’ हीच वाक्ये दोन प्रकारे मोठ्याने वाचून पाहावीत. पहिल्या वेळी ‘नेमके’ या शब्दावर जोर द्यावा; वरिष्ठांना आकड्यांबद्दल शंका आहे आणि ते जाब विचारत आहेत, असे वाटते. दुसऱ्या वेळी ‘नेमके’ सहज उच्चारून जोर ‘कुठून’ या शब्दावर द्यावा; मग बैठकीत कुणी विचारलेच तर सांगता यावे म्हणून ते स्रोताचे नाव मागत आहेत, असे वाटते. अक्षरे तीच आहेत. बोलताना आवाजाने जे काम केले असते, ते लिखाणात कुणीच केलेले नाही, आणि वाचणारा ते काम स्वतःच्या मनाने पुरे करतो.

जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हीच गोष्ट मोजली होती. सहभागी व्यक्तींनी काही विधाने गंभीरपणे आणि काही उपरोधाने दुसऱ्याला कळवायची होती, कधी ई-मेलने तर कधी आवाजातून. आपला सूर सुमारे 78 टक्के वेळा ओळखला जाईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज दोन्ही माध्यमांसाठी होता. आवाज ऐकणाऱ्यांनी 73 टक्के वेळा सूर बरोबर ओळखला. ई-मेल वाचणाऱ्यांनी मात्र 56 टक्के वेळाच. पर्याय दोनच असल्यामुळे नाणे उडवूनही 50 टक्के उत्तरे बरोबर आली असती, हे लक्षात घेतले म्हणजे 56 हा आकडा किती तोकडा आहे ते कळते. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की वाचणाऱ्यांना आपण सुमारे 90 टक्के वेळा बरोबर ओळखले असल्याची खात्री वाटत होती. म्हणजे सूर ओळखता न येणे हा एक दोष झाला, आणि आपल्याला तो ओळखता आलेला नाही हेही न कळणे हा दुसरा. माझ्या मते उत्तर बिघडते ते प्रामुख्याने या दुसऱ्या दोषामुळे.

रिकामी जागा मन कशाने भरते, याचाही अभ्यास झाला आहे. एपली आणि क्रूगर यांच्याच दुसऱ्या प्रयोगात, समोरच्या व्यक्तीबद्दल आधी करून दिलेला ग्रह दूरध्वनीवरील संभाषणापेक्षा ई-मेलच्या देवाणघेवाणीत अधिक टिकून राहिला. आवाज त्या ग्रहाला छेद देऊ शकतो, मजकूर तेवढा देऊ शकत नाही. क्रिस्टिन बायरन यांनी 2008 मध्ये केलेली सैद्धांतिक मांडणी याला जोडून वाचण्यासारखी आहे: ई-मेलमध्ये प्रेमाने लिहिलेले कोरडे वाटण्याकडे आणि कोरडे लिहिलेले रागाचे वाटण्याकडे कल असतो. पाठवणारा वरिष्ठ असेल आणि अहवालाबद्दल आपल्याच मनात धाकधूक असेल, तर साधा प्रश्न जाब वाटायला वेळ लागत नाही.

म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात: पत्रात प्रत्यक्ष काय मागितले आहे, आणि आपण त्यात काय घातले आहे. वरच्या ई-मेलमध्ये मागणी दोनच गोष्टींची आहे, आकड्यांचा स्रोत आणि तो बैठकीआधी मिळणे. शंका, नाराजी, अविश्वास यांपैकी एकही शब्द तिथे नाही. त्यानंतर त्याच व्यक्तीचे आधीचे दोन-चार ई-मेल उघडून पाहावेत. ती व्यक्ती एरवीही अभिवादन न करता थेट विषयावर येत असेल, तर आज ‘नमस्कार’ नाही यावरून काहीच ठरत नाही. एरवी नेहमी असणारा ‘नमस्कार’ आज गायब असेल, तर तो फरक नोंद घेण्यासारखा आहे. शासकीय पद्धतीने लिहिणाऱ्यांचे ‘कळवावे’ हे नेहमीचेच रूप असते, त्यात हुकूम शोधू नये. प्रत कोणाला पाठवली आहे हेही पाहावे, कारण एरवी नसलेले एखादे वरिष्ठ नाव तिथे आले असेल तर तो शब्दांच्या सुरापेक्षा भक्कम पुरावा असतो.

एवढे करूनही दोन्ही अर्थ शिल्लक राहिले, तर दोन्ही वाचकांसाठी लिहावे. इथे सहज सुचणारी दोन उत्तरे अडचणीची ठरतात. ‘क्षमस्व, आकडे पुन्हा तपासून पाठवतो’ असे लिहिले आणि वरिष्ठांना केवळ स्रोताचे नाव हवे होते, तर जी शंका त्यांच्या मनात नव्हती ती या उत्तराने निर्माण होते, तीही बैठकीच्या आदल्या रात्री. ‘आकडे अधिकृत पत्रकातूनच घेतले आहेत’ या उत्तरातला ‘च’ आरोप झाल्याचे गृहीत धरतो. शंका असणाऱ्याला तो उद्धट वाटतो आणि नसणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो.

दोन्हीकडे चालणारे उत्तर असे असू शकते: ‘नमस्कार. तक्ता 3 मधील आकडे जिल्हा कृषी कार्यालयाच्या मार्चअखेरच्या पत्रकातून घेतले आहेत. पत्रक सोबत जोडले आहे. पहिल्या दोन रकान्यांतील आकडे पत्रकात आहेत तसेच ठेवले आहेत. तिसऱ्या रकान्यातील टक्केवारी त्यांवरून काढली आहे. तक्त्यात काही बदल हवा असल्यास आज रात्री नऊपर्यंत कळवावे, म्हणजे सकाळी बैठकीआधी नवा तक्ता पाठवता येईल.’ शंका असलेल्या वरिष्ठांना इथे पुरावा हाती मिळतो आणि चूक दाखवायला वाट मिळते. माहिती हवी असलेल्यांना बैठकीत सांगता येईल असे तयार उत्तर मिळते. ‘बदल’ हा शब्द मुद्दाम निवडला आहे, कारण चुकीची दुरुस्ती आणि मांडणीतला फेरफार हे दोन्ही त्यात बसतात.

पाठवण्यापूर्वी हे उत्तर चिडलेल्या आवाजात वाचून पाहावे. क्रूगर यांच्या प्रयोगमालेत, आपला मजकूर अभिप्रेत सुराच्या विरुद्ध सुरात वाचणाऱ्यांचा फाजील आत्मविश्वास कमी झाला होता. ज्या शब्दावर चिडका आवाज सहज बसतो, तो शब्द बदलावा. ‘आधीच कळवल्याप्रमाणे’ आणि ‘कृपया लक्षात घ्यावे’ हे शब्दप्रयोग बहुतेकदा इथेच सापडतात.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ‘याची तिसऱ्यांदा विचारणा करत आहे’ असे लिहिलेले असेल, तर नाराजी सुरात नसून मजकुरातच आहे, आणि झालेल्या विलंबाचा उल्लेख न करता दिलेले तटस्थ उत्तर टाळाटाळीचे दिसते. दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. ‘या प्रकल्पाचे काम तुम्ही सध्या राहू द्या’ या वाक्याचे दोन अर्थ वेगवेगळी कृती मागतात: एकात काम तात्पुरते थांबते, दुसऱ्यात ते आपल्याकडून काढून घेतले जाते. दोन्हींना पुरेल असे उत्तर इथे लिहिले तर त्यात काहीच उरणार नाही. अशा वेळी विचारणा भावनेची न करता कामाची करावी: ‘कागदपत्रे माझ्याकडेच ठेवू, की कोणाकडे सोपवू?’ आणि शक्य असेल तर हा प्रश्न फोनवर विचारावा, कारण उत्तराबरोबर आवाजही ऐकू येतो.