लातूरकरांनो, कार शिकायचीय? २१ दिवसांची नवीन बॅच, लर्निंगपासून पर्मनंटपर्यंत सगळं इथं वाचा

बरेच जण आधी गाडीवर बसतात आणि लायसनचं नंतर बघू म्हणतात, तसं आमच्याकडं चालत नाही, आधी लर्निंग काढायचं मगच स्टेअरिंग हातात. वय १८ पूर्ण पाहिजे. आधार कार्डाला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर sarathi.parivahan.gov.in वर अर्ज करून घरूनच परीक्षा देता येते, १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. नंबर जोडलेला नसला की ओटीपी येतच नाही आणि सगळं तिथंच अडकतंय, म्हणून फॉर्म भरायला येण्याआधी तेवढं आधार केंद्रावर करून घ्या. सोबत टीसी किंवा दहावीचं सर्टिफिकेट आणा, आणि ४० च्या पुढं वय असेल तर डॉक्टरांनी सही केलेलं मेडिकल सर्टिफिकेट, नमुना १-अ, लागतं.

आता तारखांचं नीट समजून घ्या, इथंच लोक चुकायलेत. लर्निंग सहा महिने चालतं, पण निघाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पर्मनंटची टेस्ट देता येत नाही. मागच्या बॅचला औशाच्या एक मॅडम होत्या, वय ४३. त्यांचं लर्निंग १० नोव्हेंबरला निघालं, १२ ला क्लास सुरू झाला, २ डिसेंबरला संपला. ३० दिवस १० डिसेंबरला भरत होते, म्हणजे मधे आठवडाभर गाडी हातात नाही. तेवढ्यात हात बसलेला सुटतो, म्हणून आम्ही त्यांना टेस्टच्या आदल्या दोन दिवशी पुन्हा गाडी दिली, हे कोर्सच्या फीमधेच आहे. १४ तारखेला टेस्ट झाली, पुढं सगळं बरोबर गेलं पण रिव्हर्स घेताना मागचं चाक लाईनीवर गेलं. नापास झालं की सात दिवसांनी पुन्हा देता येते, त्यांनी २२ ला दिली आणि पास झाल्या. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं, म्हणून घाईनं स्लॉट घेऊ नका, आम्ही हो म्हणलं की घ्या.

क्लास रोज अर्धा तास, २१ दिवस, म्हणजे साडेदहा तास गाडी तुमच्याच हातात. नियमात २१ दिवस आणि किमान १० तास सांगितलेत ते असे भरतात. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ७, ताईंसाठी सकाळी वेगळा वेळ आहे. पहिले चार दिवस मोकळ्या मैदानात फक्त क्लच. पाय हळूहळू वर घेताना एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं होतं, तीच हाफ क्लचची जागा, ती पायाला कळली की चढावर गाडी मागं येत नाही आणि बंदही पडत नाही. नंतर गल्ली, मग बाजार, शेवटच्या आठवड्यात रिव्हर्स आणि हायवे. शिकवणाऱ्या सरांच्या पायाशीपण ब्रेक आणि क्लच आहे, घाबरू नका.

अठराव्या दिवशी अंधार पडल्यावर बाहेर नेतो, हे आम्ही कुणालाच चुकवू देत नाही. आपल्याकडं गाळप सुरू झालं की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागं लाईट नाही ना रिफ्लेक्टर, आणि एका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या. समोरच्या गाडीच्या लाईटनं डोळे दिपले की ट्रॉली दिसतच नाही. अशा वेळी आधी स्पीड कमी करायचा, नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, आणि ओव्हरटेक करताना ट्रॉली एकच आहे असं धरायचं नाही. सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर वाळत घातलेल्या दाण्यावर ब्रेक मारला तर चाक घसरतंय, तिथं ब्रेक आधीच, दाण्याच्या अलीकडं मारायचा.

फी ५,५०० रुपये, भरताना २,००० आणि उरलेली दहाव्या दिवसापर्यंत. पेट्रोल त्यातच आहे, सरकारी फी वेगळी, ती तुम्ही पोर्टलवर स्वतः भरायची: एका वर्गाचं लर्निंग १५० आणि परीक्षा ५०, पर्मनंटला टेस्ट ३०० आणि लायसन २००, स्मार्ट कार्ड आणि पोस्टाचे वरून लागतात. पावती तुमच्याच नावानं निघते, ती जपून ठेवा. टेस्टला गाडी आमचीच मिळते, सर सोबत येतात.

मधल्या काळात घरची गाडी काढायची असेल तर शेजारी कारचं पक्कं लायसन असलेला माणूस पाहिजे आणि पुढं-मागं पांढऱ्यावर लाल 'एल' लावलेला पाहिजे. पहिल्या दिवशी येताना बूट घालून या, चपलेत क्लच कळत नाही.