तीन मीटरवरची पृथ्वी

शाळेच्या भिंतीवरचा सूर्यमालेचा तक्ता आठवा. डावीकडे सूर्याची कड, पुढे ओळीने आठ गोळे, आणि दोन गोळ्यांमधलं अंतर जवळपास सारखंच. तक्ता काढणाऱ्याचाही नाइलाज असतो, कारण खरी अंतरं कागदावर मावत नाहीत. पण मुलांच्या डोक्यात सूर्यमाला म्हणून ते चित्रच पक्कं बसतं. सहावी-सातवीच्या मुलांसाठी यावर उपाय म्हणजे मैदान, टेप आणि एक कडक नियम: आकार आणि अंतर दोन्हींना एकच प्रमाण.

मैदान १०० मीटर लांब असेल, तर १ मिलिमीटर म्हणजे ५०,००० किलोमीटर हे प्रमाण छान जमतं. मग १ मीटर म्हणजे ५ कोटी किलोमीटर. सूर्य होतो २८ मिलिमीटरची पिवळ्या कार्डाची चकती. पृथ्वी त्यापासून ३ मीटरवर, आणि तिचा आकार पाव मिलिमीटर, म्हणजे पेनाच्या टोकाचा बारीक ठिपका. गुरू जेमतेम ३ मिलिमीटरचा, साडेपंधरा मीटरवर. शनी साडेअठ्ठावीस मीटरवर, युरेनस साडेसत्तावन्नवर, नेपच्यून ९० मीटरवर. तीस मीटरचा व्हरांडा शनीपाशीच संपतो.

इथे एक चूक हमखास होते. मुलं प्रत्येक ग्रहाचं अंतर आधीच्या ग्रहापासून मोजायला लागतात. अशाने नेपच्यून थेट २०० मीटरच्या पलीकडे जातो. टेपचा शून्य सूर्याच्या चकतीपाशी ठेवला आणि तो हलवलाच नाही, तर हा घोळ होत नाही.

आता खरी गंमत. प्रतिकृती बरोबर आहे हे पुस्तक न उघडता कसं तपासायचं? सगळ्या लांब्या एकाच पटीने लहान केल्या, की कोन बदलत नाहीत. म्हणून पृथ्वीच्या ठिपक्यापाशी डोळा नेऊन चकतीकडे पाहिलं, तर ती आकाशातल्या सूर्याएवढीच दिसायला हवी, जवळपास अर्धा अंश. चकती २८ मिलिमीटर आणि अंतर ३,००० मिलिमीटर, म्हणजे अंतर आकाराच्या सुमारे १०७ पट. खऱ्या सूर्याचं हेच गुणोत्तर मुलांना स्वतः मोजता येतं. अर्थात सूर्याकडे थेट बघायचं नाही, आरशात तर नाहीच.

छोट्या आरशावर कागद चिकटवा आणि त्याला ५ मिलिमीटरचं भोक ठेवा. आरसा उन्हात टेकवून त्याचा कवडसा सावलीतल्या, शक्यतो अंधाऱ्या भिंतीवर १० मीटर लांब पाडा. भोक चौकोनी कापलं तरी भिंतीवर गोलच उमटतो, कारण तिथे भोकाचा नाही, सूर्याचा आकार दिसत असतो. हा गोल साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. कडा धूसर असतात, कारण भोकाची रुंदीही त्यात मिसळलेली असते; ते ५ मिलिमीटर वजा केले तर बरं. अंतराला व्यासाने भागलं की उत्तर १०७ च्या जवळ येतं. गोल लांबोळा दिसला, तर किरण भिंतीवर तिरपे पडताहेत असं समजा आणि त्याची अरुंद बाजू मोजा.

कोनाची हीच युक्ती पुढेही उपयोगी पडते. नेपच्यूनच्या जागी जाऊन चकती पाहा. तिथून ती तीसपट लहान, म्हणजे अंशाचा सुमारे साठावा भाग दिसते. सामान्य डोळ्याला याहून बारीक आकार ओळखता येत नाही, म्हणजे नेपच्यूनवरून सूर्य फार तेजस्वी असला तरी जवळजवळ ठिपकाच. उलट पृथ्वीजवळून गुरूचा ३ मिलिमीटरचा गोळा साडेबारा मीटरवर असतो, आणि तोही या मर्यादेच्या खालीच जातो. दुर्बिणीशिवाय गुरूची चकती का दिसत नाही, याचं उत्तर मैदानावरच मिळतं.

या मांडणीत एक खोट मात्र आहे. टेप सरळ असल्यामुळे ग्रह एका रांगेत उभे राहतात, आणि ‘ग्रह रांगेत आले, आता काहीतरी घडणार’ या अफवांना आयतं चित्र मिळतं. १९८२ च्या मार्चमध्ये ग्रह सूर्याच्या एका बाजूला गोळा झाले, तेव्हा मोठ्या भूकंपाचं भाकीत गाजलं होतं. भूकंप काही झाला नाही. तेव्हाही ते सरळ रेषेत नव्हतेच, ९० अंशांहून मोठ्या कोनात पसरलेले होते.

म्हणून रांग पाहून झाली की ती मोडा. आतल्या चार ग्रहांची वर्तुळं मैदानात सहज मावतात. मंगळाची त्रिज्या साडेचार मीटरच आहे. खुंटी आणि दोरीने ती आखून घ्या आणि ग्रह निरनिराळ्या दिशांना ठेवा. दुसऱ्या दिवशी पृथ्वी आपल्या वर्तुळावर ५ सेंटिमीटर पुढे सरकवायची, मंगळ ४ सेंटिमीटर. मैदानाच्या टोकाचा नेपच्यून सरकतो दिवसाला जेमतेम १ सेंटिमीटर, आणि त्याची फेरी पूर्ण व्हायला १६५ वर्षं लागतात.