खाडीच्या पाण्यात रेडिओ का मुका होतो: १८८३ पासूनची गोष्ट

ऐरोलीच्या पुलावरून जाताना भाच्याने विचारलं, मामा, खाली पाण्यात फोन पडला तर बंद पडायच्या आधी रेंज दाखवेल का? वॉटरप्रूफ असला तरी नाही, हे मी लगेच सांगितलं, पण का नाही हे नीट सांगायचं तर थेट १८८३ सालात जावं लागतं.

त्या वर्षी होरेस लँब नावाच्या गणितज्ञाने एक प्रश्न सोडवला, धातूच्या गोळ्यावर बदलतं विद्युतचुंबकीय क्षेत्र आलं तर आत काय होतं. उत्तर असं आलं की क्षेत्र आतपर्यंत पोचतच नाही, वरच्या थरातच विरतं. दोन वर्षांनी ऑलिव्हर हेविसाइडने, जो आधी तारखात्यात काम करायचा, हेच कुठल्याही आकाराच्या वाहकाला लावून दाखवलं. कारण तसं साधं आहे: बदलतं क्षेत्र वाहकात करंट सुरू करतं, तो करंट मूळ क्षेत्राला विरोध करतो आणि ऊर्जा उष्णतेत जाते. क्षेत्र मूळच्या ३७ टक्क्यांवर येईपर्यंतची खोली म्हणजे स्किन डेप्थ.

δ = 503/√(fσ)

इथे δ मीटरमध्ये, f हर्ट्झमध्ये आणि σ म्हणजे पाण्याची वाहकता, सीमेन्स प्रति मीटरमध्ये. समुद्राच्या पाण्याला σ साधारण ४ धरतात, तांब्याच्या मानाने हे काहीच नाही, पण रेडिओला तेवढं पुरतं. एफएमला, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला, स्किन डेप्थ येते जेमतेम अडीच सेंटीमीटर. प्रत्येक स्किन डेप्थला सिग्नल साधारण ८.७ डेसिबल पडतो, म्हणजे त्याची ताकद साधारण सातव्या हिश्श्यावर येते.

हे मी गॅलरीत बादली ठेवून करून बघितलं. १५ लिटर पाणी, त्यात अर्धा किलो मीठ, की झालं समुद्राइतकं खारं. छोटा एफएम रेडिओ झिपच्या पिशवीत घालून हळूहळू बुडवला, आधी खरखर आणि वीतभर खाली गेल्यावर स्टेशन गायब. वीतभर म्हणजे २० सेंटीमीटर, म्हणजे आठ स्किन डेप्थ, म्हणजे ७० डेसिबल, शिवाय पृष्ठभागावरूनच बराचसा सिग्नल परत फिरतो तो वेगळाच. पहिल्यांदा मात्र रेडिओ मस्त वाजत राहिला आणि मी चक्रावलो, नंतर लक्षात आलं की इअरफोनची वायर बादलीबाहेर होती आणि तीच अँटेना असते, त्यामुळे तुम्ही करून बघाल तर अख्खी वायर पिशवीत कोंबा. नळाच्या पाण्यात याच खोलीवर खूप कमी फरक पडतो. (ब्लूटूथची गोष्ट वेगळी, ते गोड्या पाण्यातही काही सेंटीमीटरात मरतं, कारण २.४ गिगाहर्ट्झला पाण्याचे रेणूच ऊर्जा खातात, त्यात मिठाचा दोष नाही.) आपल्या खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी आलं की σ घटते आणि स्किन डेप्थ वाढते, पण वर्गमुळात, म्हणजे वाहकता चौथाई झाली तर खोली फक्त दुप्पट.

मिठाचं काही करता येत नाही, मग हातात उरते फ्रिक्वेन्सी, आणि नौदलांनी तीच खाली आणली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ला जर्मनीने काल्बे गावाजवळ गोलियाथ नावाचा प्रचंड ट्रान्समीटर उभा केला, तो १५ किलोहर्ट्झपर्यंत खाली जाऊन पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश द्यायचा. आपल्याकडे तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचं नौदलाचं केंद्र आयएनएस कट्टबोम्मन याच कामासाठी आहे. १८ किलोहर्ट्झ धरलं तर स्किन डेप्थ १.९ मीटर येते. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती अशी की हवेत साडेसोळा किलोमीटर लांबीची ही लाट पाण्यात शिरल्यावर जेमतेम १२ मीटरची होते, आणि तेवढी एक लांबी जाईपर्यंतच ५५ डेसिबल गमावते. म्हणून १० मीटर खोलीवर संदेश मिळू शकतो (४६ डेसिबल घट), पण १०० मीटरवर घट होते ४६० डेसिबलच्या वर, तिथे ट्रान्समीटरची ताकद हजारपट केली तरी तीसच डेसिबल हाती लागतात, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटर.

मग अमेरिकेने विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये ७६ हर्ट्झवर केंद्रं चालवली. तिथे स्किन डेप्थ २९ मीटर, १०० मीटरवर घट फक्त ३० डेसिबल. पण एवढ्या लांब लाटेला अँटेना कुठून आणणार, म्हणून कमी वाहक खडकाची जमीन शोधून त्यावर मैलोन्मैल तारा टाकल्या आणि करंट खडकातून खोलवर फिरवला, तरीही प्रत्यक्ष बाहेर पडायची ती ताकद काही वॅटच. वेग इतका कमी की तीन अक्षरांचा कोड पोचायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे बऱ्याचदा त्या कोडचा अर्थ एवढाच असायचा की वर ये आणि दुसऱ्या रेडिओवर ऐक. २००४ मध्ये ती केंद्रं बंद झाली. पाणबुडीला पूर्ण संदेश हवा असेल तर ती आजही लांब तार किंवा तरंगता बोया पृष्ठभागाजवळ सोडते.

भाच्याला हे सगळं सांगेपर्यंत आम्ही पूल ओलांडून मुलुंडला पोचलो होतो, आणि त्याचा पुढचा प्रश्न तयार होता, मग पाणी आरपार दिसतं कसं? प्रकाश पण विद्युतचुंबकीय लाटच ना? वरचं सूत्र लावलं तर खरंच समुद्र काळाकुट्ट यायला हवा. पण प्रकाशाच्या प्रचंड फ्रिक्वेन्सीने उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रामागे मिठाचे जड आयन पळूच शकत नाहीत, म्हणून तिथे ४ ही वाहकता लागूच होत नाही आणि निळा प्रकाश स्वच्छ समुद्रात दहा-दहा मीटर सहज खाली जातो.