झोपेपूर्वी फोन ठेवण्याची सूचना

झोपण्याच्या ठरलेल्या वेळेआधी साधारण तासभर मोबाइलवर येणारी आणि तो तास फोनशिवाय घालवायला सुचवणारी सूचना. अँड्रॉइडवर Digital Wellbeing आणि आयफोनवर Screen Time ही साधने २०१८ मध्ये आली. आता बहुतेक फोनवर यासाठी वेगळे अॅप घ्यावे लागत नाही. अँड्रॉइडच्या Bedtime mode मध्ये ठरलेल्या वेळी पडदा करडा होतो आणि सूचनांचे आवाज थांबतात. आयफोनच्या Downtime मध्ये निवडलेली अॅप सोडून बाकीची बंद पडतात.

तासाभराची ही सवड कशासाठी, याचे नेहमीचे उत्तर पडद्याचा निळसर प्रकाश हे आहे. त्या प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक उशिरा वाढते, हे खरे आहे. पण अमेरिकेतल्या एका प्रयोगात (२०१५) बारा जणांना झोपेआधी रोज चार तास उजेड देणाऱ्या पडद्यावर वाचायला लावले, तेव्हा छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सुमारे दहाच मिनिटे जास्त लागली. म्हणजे चार तासांच्या उजेडाचा हिशेब एवढाच. झोप जास्त खातो तो बहुधा फोनमधला मजकूर: एकामागून एक सुरू होणारे रील्स, ग्रुपवरचा वाद, ऑफिसचा मेसेज. म्हणून पडदा पिवळसर केला की काम झाले, ही समजूत चुकीची आहे.

ही सूचना लावताना सर्वांत जास्त चुकते ती वेळ. अनेक जण Bedtime mode झोपण्याच्याच वेळेला लावतात; मग सूचना येते तेव्हा माणूस अंथरुणात फोन हातात घेऊन पडलेला असतो. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्या एका कामगाराचे उदाहरण घेऊ. सिडकोतून निघून वेळेवर गेटवर पोहोचायचे तर त्याला सव्वापाचला उठावे लागते. सात तास झोप हवी, म्हणजे सव्वादहाला डोळा लागायला हवा. त्यामुळे Bedtime mode सव्वानऊ ते सव्वापाच असा लावायचा, सव्वादहापासून नव्हे. शिवाय नऊला घड्याळाच्या अॅपमध्ये एक वेगळा गजर लावून त्याला नाव द्यायचे: ‘शाळेच्या ग्रुपला उत्तर, मग फोन हॉलमध्ये’. ही पंधरा मिनिटे फार उपयोगी ठरतात. राहिलेले उत्तर, वीजबिल, उद्याच्या पाळीची खात्री हे सगळे तेवढ्यात उरकते, आणि सव्वानऊनंतर ‘एवढंच बघतो’ म्हणायला कारण उरत नाही.

चार्जरची जागाही तितकीच महत्त्वाची. फोन उशाशी चार्जिंगला लावला, तर करडा पडदाही बोट फिरवायला अडवत नाही. चार्जर हॉलमध्ये हलवावा. सकाळचा गजर तिथूनही ऐकू येतो, आणि तो बंद करायला उठावे लागते, हा वरचा फायदा. Bedtime mode मध्ये सूचनांचे आवाज थांबवणाऱ्या Do Not Disturb मुळे गजर वाजणार नाही ही भीती अनेकांना असते. सहसा गजराला त्यातून सूट असते, तरी Alarms चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

सूचना कुचकामी झाल्याची खूण ओळखता येते. काही आठवड्यांत ती न वाचताच बोटाने सरकवली जाऊ लागते. तेव्हा तिचा मजकूर आणि वेळ थोडी बदलावी. आवाज वाढवून फरक पडत नाही. काही फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सेटिंग वेगळ्या स्मरण-अॅपना झोपवून टाकते. मग सूचना वेळेवर न येता फोन उघडल्यावरच दिसते. अशा वेळी त्या अॅपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे किंवा सरळ घड्याळाचा गजर वापरावा. आयफोनमध्ये Downtime सुरू असतानाही Ignore Limit दाबून वाट काढता येते. पासकोड घरातल्या दुसऱ्या माणसाने ठेवला आणि Block at Downtime चालू केले, तर ती सवलत त्याच्या हाती जाते.

नाशिक जिल्ह्यात एका गटाला मात्र हा तास जसाच्या तसा लागू करता येत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला, जिथे शेतीपंपाची वीज अजून रात्रीच्या पाळीत येते तिथे, मोटार चालू झाल्याचा फोन सिम असलेल्या ऑटो स्टार्टरकडून येतो. कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवायच्या रात्री सालदाराचाही फोन येऊ शकतो. त्याने फोन बंद न करता स्टार्टरच्या सिमचा आणि सालदाराचा नंबर तारांकित करावा आणि Do Not Disturb मध्ये Starred contacts च्या कॉलना परवानगी द्यावी. Repeat callers चालू ठेवले, तर पंधरा मिनिटांत एकाच नंबरवरून दुसऱ्यांदा आलेला कॉल, नंबर कुणाचाही असो, वाजतो. एवढे केल्यावर फोन हॉलमध्ये, आवाज मोठा आणि डेटा बंद ठेवावा. कॉलला इंटरनेट लागत नाही. बाजारभावाचे ग्रुप मात्र सकाळपर्यंत गप्प राहतात. फोर-जी फोनवर डेटा बंद केल्यावरही कॉल येतो का, हे दिवसाच एकदा करून पाहावे.